अंगठी, ढग, कोल्हा: नव्या जोडीदाराबद्दलची लेनोरमाँची ओळ कशी वाचावी

नातं नवं आहे, तीन-चार महिने झालेत. समोरची व्यक्ती "आपण लग्न करू" म्हणते, पण घरच्यांची भेट, तारीख, राहायचं कुठे, यातलं काहीच ठरत नाही. अशा वेळी लेनोरमाँचे, म्हणजे भविष्य वाचायचे चित्रपत्ते मांडले आणि अंगठी, ढग, कोल्हा अशी ओळ पडली, की नवखा वाचक एका दमात सांगून मोकळा होतो: "हा फसवतोय, सोड त्याला." विचारणारी बाई रडवेली होऊन घरी जाते. मला हे वाचन अपुरं वाटतं, आणि त्यातून माणसांचं खरंच नुकसान होतं. ही ओळ गंभीर आहे यात वाद नाही. पण ती नेमकं काय सांगते, काय सांगत नाही आणि उरलेलं कसं शोधायचं, हे टप्प्याटप्प्याने कळलं तर हेच तीन पत्ते फार उपयोगी पडतात.

जवळ काय हवं

- ३६ पत्त्यांचा लेनोरमाँचा कॅट. त्यात पुरुष (२८) आणि स्त्री (२९) हे दोन्ही पत्ते आहेत ना, ते बघून घ्या. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या नात्याबद्दल विचारायचं असेल, तर ज्यात या पत्त्यांची जादा प्रत असते असा कॅट घ्या. असे कॅट आता सहज मिळतात.
- शक्यतो कोपऱ्यात खेळायच्या पत्त्याची खूण छापलेला कॅट. जर्मनीतला ‘ब्लू आउल’ किंवा व्हिएन्नाच्या पियाटनिकचे जुन्या वळणाचे कॅट यासाठी चांगले.
- एक वही. प्रश्न, तारीख, ओळ आणि तुमचं वाचलेलं वाक्य त्याच बैठकीत लिहायचं.

टॅरोचा कॅट चालणार नाही. टॅरोच्या चित्रात मन रमवून अर्थ काढता येतो. लेनोरमाँ तसं चालत नाही. हे पत्ते मुळात एका खेळाचे. न्युरेम्बर्गच्या योहान कास्पार हेख्टेल यांनी १७९९च्या सुमारास ‘आशेचा खेळ’ नावाचा ३६ पत्त्यांचा खेळ रचला. सहा ओळींत सहा-सहा पत्ते मांडायचे, फासे टाकायचे आणि सोंगटी पुढे न्यायची. पॅरिसच्या प्रसिद्ध भविष्यवेत्त्या माद्मवाझेल लेनोरमाँ (१७७२–१८४३) यांचं नाव या पत्त्यांना त्यांच्या मृत्यूनंतर चिकटलं. पत्ते त्यांनी बनवलेले नाहीत. हा इतिहास सांगण्याचं कारण असं, की खेळात प्रत्येक घराला एक साधं, ठोस काम होतं. १४ नंबरच्या कोल्ह्यावर सोंगटी पडली की लबाड कोल्हा तुमची वाट चुकवायचा आणि तुम्हाला मागे ५ नंबरच्या झाडाकडे आसरा शोधावा लागायचा. वाचतानाही पत्त्याकडे असंच बघायचं. त्याचं काम काय, तो काय करतो? चित्र बघून मनात काय दाटून येतं याला इथे फारशी किंमत नाही.

१. प्रश्न एकच ठेवा

"तो प्रामाणिक आहे का आणि माझ्याशी लग्न करेल का?" हे दोन प्रश्न आहेत. तीन पत्त्यांच्या एका ओळीवर दोन्ही लादले, की अंगठी लग्नाच्या प्रश्नाला लागू करायची की प्रामाणिकपणाच्या, हे कळेनासं होतं. मग वाचणारा सोयीने दोन्हीकडे हात मारतो.

बांधिलकीबद्दल विचारायचं असेल तर असं विचारा: "त्याने दिलेला लग्नाचा शब्द येत्या तीन महिन्यांत कुठवर जाईल?" प्रामाणिकपणाबद्दल विचारायचं असेल तर: "या नात्यात मला काय माहीत असायला हवं आणि अजून माहीत नाही?" दुसरा प्रश्न मुद्दाम असा फिरवला आहे. "तो खोटं बोलतो का?" असं विचारलं की कोल्हा निघताच उत्तर मिळालं असं वाटतं आणि वाचन तिथेच थांबतं.

मुदत घाला. मुदतीशिवाय विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कधीही खरं ठरू शकतं, म्हणजे ते तपासता येत नाही.

२. पत्ते पिसण्याआधी तीन गोष्टी ठरवा

पहिली, कोल्हा म्हणजे नोकरी की लबाडी? लेनोरमाँच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत. काही वाचक, विशेषतः इंग्रजीत शिकलेले, कोल्ह्याला रोजच्या नोकरीचा पत्ता मानतात. जुन्या जर्मन पद्धतीत कोल्हा म्हणजे काहीतरी चुकीचं, सरळ नसलेलं, आणि कामासाठी बहुतेक जण जहाजाच्या नांगराच्या पत्त्याकडे बघतात. दोन्ही पद्धती चालतात, पण ओळ पडल्यावर निवड करायची नाही. कोल्हा बघून धसका घेतला आणि मग "अगं, नोकरीचं असेल काहीतरी" असं म्हटलं, तर ते वाचन राहत नाही, ती मनाची समजूत होते. नात्याच्या प्रश्नासाठी मी जर्मन अर्थ घेते आणि या लेखात तोच धरला आहे.

दुसरी, तुमच्या कॅटमधल्या ढगांना उजेडाची बाजू आहे का? बऱ्याच कॅटांत ढग एका बाजूने काळे आणि दुसऱ्या बाजूने फिकट काढलेले असतात. काळी बाजू ज्या पत्त्याकडे, तो झाकोळतो. फिकट बाजू ज्याच्याकडे, तिथे निवळायला लागतं. कोणती बाजू कुठे हे चित्रकारागणिक बदलतं, म्हणून दुसऱ्याच्या कॅटचं वाचून तुमच्या कॅटला लावू नका. तुमच्या चित्रात दोन बाजू स्पष्ट दिसत नसतील तर हा नियम सोडून द्या.

तिसरी, उलटे पत्ते. लेनोरमाँत पत्ता उलटा पडला तर सरळ करून ठेवायचा. उलट्याचा वेगळा अर्थ घ्यायचा नाही.

३. तिन्ही पत्ते आधी सुटे ओळखा

अंगठी, नंबर २५. बांधिलकी, करार, दिलेला शब्द, सुरुवातीला परत येऊन मिळणारं वर्तुळ. लग्न आणि साखरपुडा तिच्यात येतात, तसाच भाडेकरारही येतो. ती प्रेमाचा पत्ता नाही. प्रेमासाठी २४ नंबरचं हृदय आहे. त्यामुळे अंगठीभोवती वाईट पत्ते आले म्हणून "त्याचं तुझ्यावर प्रेमच नाही" असं म्हणता येत नाही. प्रेम असेल किंवा नसेल, ही ओळ त्याबद्दल बोलतच नाही.

ढग, नंबर ६. गोंधळ, अस्पष्टता, काही काळ टिकणारी अडचण. इथे मराठी वाचकाने थोडं सावध राहावं. आपल्याकडे आषाढातला ढग म्हणजे सुटका, पेरणी, आनंद. हा पत्ता मध्य युरोपातला आहे. तिथे ढग म्हणजे मळभ आणि वादळाची धास्ती. कोल्ह्याचंही तसंच. "आज कोल्ह्याचं तोंड बघितलंस की काय" असं आपण नशीब फळफळल्यावर म्हणतो. ते इथे आणू नका. या कॅटात कोल्हा शुभशकुन नाही.

ढगांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते झाकतात, पण त्यांच्यात हेतू नसतो. मुद्दाम राखलेल्या गुपितासाठी २६ नंबरचं पुस्तक आहे. माणूस स्वतःच गोंधळलेला असेल, घरचे एक बोलत असतील आणि तो दुसरं, तर ढग येतात.

कोल्हा, नंबर १४. हेतू इथे आहे. स्वतःचा फायदा बघून वागणं, हातचं राखून बोलणं, वाट चुकवणं. सौम्य अर्थ सावधपणा. कडक अर्थ फसवणूक. कोणता घ्यायचा हे शेजारचे पत्ते ठरवतात.

आता कोपऱ्यातल्या खुणा बघा. अंगठी किलवर एक्का, ढग किलवर राजा, कोल्हा किलवर नव्वी. तिन्ही किलवर. साप, चाबूक, डोंगर, उंदीर आणि क्रूसही किलवरमध्येच येतात. म्हणजे या कॅटात किलवर हा कटकटीचा रंग, आणि बांधिलकीची अंगठी त्याच घरात बसलेली आहे. ओळीतले तिन्ही पत्ते एका रंगाचे आले, की मी त्या रंगाचं वजन वाढवते. हे प्रकरण आपोआप सुटणार नाही, कुणाला तरी त्यात हात घालावा लागणार, एवढं मी त्यातून घेते. त्यापलीकडे अर्थ ताणत नाही.

४. क्रम वाचा, सगळा फरक तिथे आहे

लेनोरमाँची ओळ डावीकडून उजवीकडे वाक्यासारखी वाचतात. पहिला पत्ता विषय मांडतो, दुसरा त्याला रंग देतो, तिसरा गोष्ट कुठे जाते ते सांगतो. मधला पत्ता ओळीचा गाभा. टोकाचे दोन पत्ते एकमेकांसमोर आरशासारखे धरून त्यांची वेगळी जोडी वाचायची. एवढ्यावर तीन पत्त्यांची ओळ पूर्ण होते.

अंगठी – ढग – कोल्हा. विषय बांधिलकी. ती अस्पष्ट आहे. आणि ही अस्पष्टता कोल्ह्याकडे जाते, म्हणजे तिच्यामागे कुणाची तरी सोय आहे. टोकांची जोडी अंगठी आणि कोल्हा: हिशोब ठेवून दिलेला शब्द. साध्या मराठीत, "लग्नाची गोष्ट मोघम ठेवली जात आहे, कारण ती मोघम राहण्यात कुणाचा तरी फायदा आहे." हे धुकं ठरवून धरलेलं आहे, किंवा निदान निवळू दिलं जात नाही.

अंगठी – कोल्हा – ढग. हेच तीन पत्ते, पण गाभ्यात आता कोल्हा आहे आणि शेवटी ढग. बांधिलकीबद्दल संशय आहे आणि तो संशय धूसर होत जातो. इथे लबाडी खरी आहे की विचारणाऱ्याच्या मनातली भीती कोल्ह्याच्या रूपात दिसते आहे, हे ओळ ठरवू देत नाही. पूर्वी फसवणूक झालेल्या माणसाच्या वाचनात अशी ओळ पडली, तर मी "तो खोटं बोलतोय" असं कधीच म्हणत नाही. मी म्हणते, "या मुदतीत तुमच्या शंकेला पुरावा मिळणार नाही, आणि तिचं निरसनही होणार नाही." ऐकायला हे उत्तर अर्धवट वाटतं, पण ओळीत आहे ते तेवढंच.

नवख्याने या दोन ओळी सर्वात आधी वेगळ्या ओळखायला शिकाव्यात. ढगानंतर कोल्हा आला तर धुक्यामागे हेतू आहे. कोल्ह्यानंतर ढग आला तर हेतूच धुक्यात आहे.

कोल्हा – ढग – अंगठी ही ओळ त्या मानाने बरी. सुरुवात हातचं राखून, मध्ये गोंधळ, शेवट बांधिलकीत. दोघंही आधी पोळलेले असतील तर सावधपणे सुरू झालेलं नातं शब्दापर्यंत येतं, असं ती सांगते. पण गाभ्यात ढग आहेत, म्हणून शब्द देताना अटी स्पष्ट बोलून घ्या. ढग – अंगठी – कोल्हा मध्ये अंगठीच गाभ्यात येते: गोंधळातून घाईने दिलेला शब्द, आणि पुढे त्यातून पळवाट शोधणं. उरलेल्या दोन क्रमांत अर्थ याच रीतीने जुळवता येतो; ते स्वतः वहीत लिहून बघा.

ढगांची उजेडाची बाजू वापरत असाल तर ती आता लावा. अंगठी – ढग – कोल्हा मध्ये फिकट बाजू अंगठीकडे आणि काळी कोल्ह्याकडे असेल, तर शब्द निवळत जाईल, पण हेतू झाकलेलाच राहील. हे मला जास्त धोक्याचं वाटतं: तारीख ठरते, सगळे खूश होतात आणि मूळ गोष्ट विचारायची राहून जाते. उलट, काळी बाजू अंगठीकडे आणि फिकट कोल्ह्याकडे असेल, तर लग्नाचं लांबेल, पण का लांबतंय ते कळून येईल.

एक सापळा इथेच सांगून ठेवते. जुन्या कॅटांबरोबर एक अर्थपत्रिका यायची, फिलिप लेनोरमाँ या सहीची. त्यात कोल्हा माणसाच्या पत्त्याजवळ असेल तर भोवतालच्या लोकांपासून सावध राहा, लांब असेल तर भीती नाही, असं दिलं आहे. अंगठीही उजवीकडे असेल तर सुखाचं लग्न, डावीकडे आणि लांब असेल तर ताटातूट. हे नियम सगळे ३६ पत्ते मांडायच्या मोठ्या मांडणीसाठी आहेत. तीन पत्त्यांच्या ओळीत सगळंच जवळ असतं, त्यामुळे जवळ-लांब हा हिशोब इथे लावला की प्रत्येक कोल्हा धोक्याचाच वाटणार.

५. कोल्हा कोण, हे ओळीत लिहिलेलं नाही

या तीन पत्त्यांत माणसाचा एकही पत्ता नाही. पुरुष नाही, स्त्री नाही. तरी वाचणारा कोल्ह्यावर लगेच जोडीदाराचं नाव चिकटवतो, कारण प्रश्न त्याच्याबद्दल होता. कोल्हा तो असू शकतो. त्याच्या घरातलं कुणी असू शकतं, ज्यांना हे लग्न नको आहे. मध्यस्थ असू शकतो. आणि विचारणारी व्यक्तीही असू शकते, कारण तिने स्वतःबद्दलची एखादी गोष्ट अजून सांगितलेली नसते. हा शेवटचा प्रश्न मी प्रत्येक वाचनात विचारते: "तुम्ही त्यांना काय सांगायचं ठेवलं आहे?" पुष्कळदा खोलीत थोडा वेळ शांतता होते, मग वय, पगार, आधीचं मोडलेलं लग्न, असं काहीतरी बाहेर येतं.

तसंच, "दुसरी बाई आहे" हे या ओळीत नाही. त्यासाठी साप दिसायला हवा, किंवा अंगठीला लागून चौरस्ता किंवा पुस्तक. नसलेला पत्ता वाचायचा नाही.

६. ओळ पाच पत्त्यांची करा

तीन पत्त्यांवर "काहीतरी सरळ नाही" एवढंच कळतं. कोणत्या बाबतीत, ते कळण्यासाठी त्याच कॅटमधून, परत न पिसता, पुढचे दोन पत्ते उजवीकडे मांडा. नवीन प्रश्न विचारायचा नाही. हे त्याच वाक्याचं पुढचं टोक आहे.

एक उदाहरण पूर्ण उलगडते. ओळख कळू नये म्हणून बारीक तपशील बदलले आहेत. ठाण्याची एक बाई, पस्तिशी ओलांडलेली, विवाहसंस्थेच्या साइटवरून एका घटस्फोटित गृहस्थांशी ओळख झाली. चार महिने भेटीगाठी. माणूस शांत, नोकरी पक्की, आईवडिलांबद्दल आपुलकीने बोलणारा. लग्नाचा विषय त्यानेच काढला, पण तारखेचं विचारलं की "दिवाळीनंतर बघू." प्रश्न ठेवला: "त्यांनी दिलेला लग्नाचा शब्द येत्या तीन महिन्यांत कुठवर जाईल?" ओळ पडली अंगठी, ढग, कोल्हा. पुढचे दोन पत्ते पत्र (२७) आणि मासे (३४).

आधी शेजारच्या जोड्या. अंगठी आणि ढग: अनिश्चित बांधिलकी. ढग आणि कोल्हा: सोयीने राखलेली अस्पष्टता. कोल्हा आणि पत्र: सरळ नसलेला कागद, किंवा जसा सांगितला तसा नसलेला. पत्र आणि मासे: पैशाचे कागद, कारण मासे म्हणजे पैशाचा ओघ.

मग आरसे. पहिला आणि पाचवा, अंगठी आणि मासे: पैशात गुंतलेला करार. दुसरा आणि चौथा, ढग आणि पत्र: धूसर कागद, अजून न आलेला किंवा अपुरा. पाचाच्या ओळीत गाभा तिसरा पत्ता, म्हणजे कोल्हा.

आता सगळं एका वाक्यात: "शब्द पुढे सरकत नाही, कारण एका कागदाबद्दल पूर्ण खरं सांगितलेलं नाही, आणि तो कागद पैशाच्या व्यवहाराला बांधलेला आहे." हे वाक्य वहीत लिहिलं. बघा, "फसवतोय" यापेक्षा हे किती वेगळं आहे. यावरून विचारायला प्रश्न मिळतात. हृदय ओळीत नाही, साप नाही, म्हणून प्रेम आणि तिसरी व्यक्ती या विषयांवर मी एक शब्दही बोलले नाही, ती दोनदा विचारत होती तरी.

पाचवा पत्ता वेगळा असता तर दिशा बदलली असती. पत्रानंतर किल्ली (३३) असती, तर कागद समोर आला की गाठ सुटते. डोंगर (२१) असता, तर कागद अडकलेला आहे आणि तीन महिन्यांत हलणार नाही. कुत्रा (१८) असता तर मी कोल्हा बराच सौम्य धरला असता: माणूस विश्वासाचा आहे, लपवण्यामागे भीती आहे.

७. वाचलेल्या वाक्यातून विचारायचे प्रश्न काढा

ओळ इथे संपते आणि पत्त्यांची हद्दही इथेच संपते. पत्ते बोट दाखवतात. कागद हातात घेऊन बघणं तुमचं काम. त्या बाईने ओळीवरून तीन प्रश्न काढले, आणि फोनवर न विचारता समोर बसून विचारले. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत बघायला मिळेल का? आधीच्या लग्नातलं कोणतं कर्ज किंवा घर अजून दोघांच्या नावावर आहे का? आणि दिवाळीपर्यंत नेमकी कशाची वाट बघायची आहे?

उत्तर असं निघालं: परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला होता, अंतिम हुकूमनामा अजून झालेला नव्हता. दोघांच्या नावावरच्या फ्लॅटच्या पैशावरून गाडी अडली होती. "घटस्फोटित" असं साइटवर लिहिणं त्यांच्या सोयीचं होतं. "अर्ज चालू आहे" असं लिहिलं तर कुणी बोलणारच नाही, असं त्यांना वाटलं. म्हणजे कोल्हा तेच होते. दुसरी कुणी नव्हती.

हा फरक किरकोळ नाही, म्हणून थोडं कायद्याचं. हिंदू विवाह कायद्याखाली परस्पर संमतीचा अर्ज दाखल केल्यावर साधारण सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा न्यायालयासमोर जावं लागतं. ही मुदत माफ करायची की नाही हे न्यायालय ठरवतं. मधल्या काळात दोघांपैकी एकाने संमती मागे घेतली तर सगळं थांबतं. हुकूमनामा होईपर्यंत आधीचं लग्न कायम असतं आणि त्या काळात केलेलं दुसरं लग्न कायद्याने टिकत नाही. त्यामुळे "झाल्यातच जमा आहे" या उत्तरावर समाधान मानू नका, प्रत मागा. प्रत मागितल्यावर समोरच्याने काय केलं, तेही वहीत लिहा. वेळ मागून आणून दिली, की उलट तुमच्यावरच चिडला?

एका बाबतीत मात्र पत्ते मांडूच नका. प्रत्यक्ष भेट झालेली नाही, आणि ऑनलाइन ओळख झालेली व्यक्ती पैसे मागते आहे: कस्टममध्ये अडकलेली भेटवस्तू, आजारी आई, गुंतवणुकीची संधी. हे विवाहाच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीचं नेहमीचं रूप आहे. पैसे पाठवणं बंद करा, आधी गेले असतील तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. इथे प्रत्येक तास मोलाचा असतो, तो ओळी वाचण्यात घालवू नये.

८. पुन्हा कधी मांडायचं

नवख्यांचं सर्वात जास्त इथे बिघडतं. ओळ आवडली नाही की त्याच संध्याकाळी परत पिसतात, मग सूर्य आणि हृदय निघेपर्यंत मांडत राहतात. शेवटी हाती तीन ओळी, तीन उत्तरं, आणि कोणती धरायची ते कळत नाही. नियम सोपा ठेवा: परिस्थितीत काही बदललं तरच त्या प्रश्नावर दुसरी ओळ. बदललं म्हणजे बोलणं झालं, कागद बघितला, घरचे भेटले, किंवा ठरवलेली मुदत संपली.

बोलणं झाल्यावर प्रश्नही बदलायचा. आधीचा प्रश्न शब्दाबद्दल होता, आता विचारा, "हुकूमनामा हातात येईपर्यंत मी या नात्यात कशी राहू?" या ओळीत कोल्हा परत आला, तर तो आता वेगळा वाचावा लागतो, कारण लपलेली गोष्ट उघड झालेली आहे. बहुतेक वेळा मी तो विचारणाऱ्यालाच दिलेला सल्ला म्हणून घेते: हातचं राखून राहा, हॉलचे पैसे आत्ता भरू नका. ढग परत आले, तर फक्त वाट बघण्याचा काळ. दोघे परत शेजारी आले आणि ढगानंतर कोल्हा असाच क्रम असला, तर अजून एक गोष्ट सांगायची राहिली आहे असं धरा आणि पाच पत्त्यांपर्यंत जा.

वहीत त्या पानावर थोडी जागा मोकळी सोडा. मुदत संपली की तिथे प्रत्यक्षात काय झालं ते लिहा: कोल्हा कोण निघाला, कोणत्या बाबतीत, ढग किती दिवसांनी निवळले. अशी आठ-दहा पानं भरली की तुमच्या हातात कोल्हा बहुतेक वेळा सावधपणा म्हणून येतो की लबाडी म्हणून, हे तुमच्याच नोंदींवरून दिसायला लागतं, आणि पुढच्या ओळीत तो किती कडक धरायचा ते त्यावरून ठरवता येतं.